जुनेपणाचा बनाव : खोट्या कागदावरचे डाग, भोके आणि आम्ल

जुना दस्तऐवज बनवणाऱ्याला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. मजकूर खोटा लिहावा लागतो आणि ज्या कागदावर तो लिहिला तो कागद दीडदोनशे वर्षे कुणाच्या तरी माळ्यावर पडून होता असे भासवावे लागते. पहिल्या कामासाठी मोडी अक्षर, मायने, शिक्के यांची माहिती लागते. दुसऱ्या कामासाठी चहा, कात, धूर, सुई आणि आम्ल एवढ्यावर भागवले जाते. या व्याख्यानाचा विषय हे दुसरे काम आहे. त्यात बनावट करणारा बहुधा एका ठरावीक जागी सापडतो. काळ कागदावर आपल्या खुणा एकामागून एक उमटवतो. आधी शाई, मग घडी, मग घडीची झीज, मग ओल, मग कीड, असा काहीतरी क्रम असतो आणि प्रत्येक खूण आधीच्या खुणेवरून जाते. बनावट करणारा हे सगळे दोनचार दिवसांत उरकतो आणि क्रम चुकवतो.

एवढा खटाटोप करण्यामागे कायद्याचेही एक कारण आहे. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ९० नुसार तीस वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला दस्तऐवज खरा आहे असे न्यायालय गृहीत धरू शकत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम ९२ मध्ये आहे. सही कुणाची, अक्षर कुणाचे, हे सांगायला साक्षीदार हयात नसतात म्हणून ही सवलत दिलेली आहे. ती न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे, आपोआप मिळत नाही. तरीही कागद जुना दिसला की निम्मे काम झाले असे बनावट करणाऱ्याला वाटते, ते या सवलतीमुळे.

बीड जिल्ह्यात जुन्या कागदाला आणखी वजन आहे. सिरसाळा, परळी, अंबाजोगाई हा सगळा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इनाम, वतन, देवस्थानाची आणि दर्ग्याची सेवाजमीन यांचे हक्क मराठेशाहीतील मोडी सनदांवर किंवा निजामाच्या दप्तरातील फारसी-उर्दू मुंतखबांवर उभे होते. १९५२च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याने आणि १९५४च्या इनाम निर्मूलन कायद्याने हे हक्क तपासले गेले, काही टिकले, काही गेले. जमिनीचे मूल्य वाढत गेले तसा त्या कागदांचा भावही वाढला.

खोटे कागद करण्याचा प्रकार नवा नाही. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात नेमलेल्या इनाम कमिशनला १८५२च्या ११व्या कायद्याने अधिकार मिळाले आणि दख्खनमधील हजारो इनामदारांना आपापल्या सनदा दाखवाव्या लागल्या. त्या धाकाने बनावट सनदाही पुढे आल्या. कमिशनचा मुख्य आधार पुण्यातील पेशवे दप्तर होते. सनद खरी असेल तर तिचा माग सरकारी वह्यांत कुठेतरी सापडला पाहिजे, हा त्यांचा न्याय होता आणि तो आजही सर्वांत भक्कम आहे. पण दप्तर प्रत्येक वेळी हाताशी नसते. कागद समोर असतो. म्हणून कागदाकडेच नीट पाहायला शिकणे भाग आहे.

त्यासाठी दख्खनचा खरा जुना कागद कसा म्हातारा होतो हे आधी कळायला हवे. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुण्याकडचे जुन्नर ही हातकागदाची नावाजलेली ठिकाणे होती. जुन्या चिंध्या, सुतळी, ताग-अंबाडीचे दोर कुटून त्यांचा लगदा करत. गवताच्या काड्यांच्या चटईवर तो उचलून ताव काढत. ताव वाळल्यावर त्याला पिठाची खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणत. उजेडासमोर धरला तर अशा तावात काड्यांच्या बारीक, किंचित वाकड्यातिकड्या रेषा दिसतात आणि लगद्याच्या गाठीही दिसतात. या कागदात लाकडाचा लगदा नसतो. लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते आणि वर्तमानपत्र महिनाभर उन्हात पडले की पिवळे पडते ते त्याच्यामुळे. चिंध्यांच्या कागदाचे तसे होत नाही. रुमालात नीट बांधून ठेवलेले अठराव्या शतकातील मोडी पत्र आजही आतून मळकट पांढरे किंवा फिकट मातकट असते. काळपट होतात त्या कडा, घड्यांच्या बाहेरच्या बाजू आणि जिथे बोटे लागत राहिली ती टोके.

म्हणजे अगदी तपकिरी, सगळीकडे सारखा रंगलेला मोडी कागद पाहिला की लोकांना तो फार जुना वाटतो, आणि जाणकाराला नेमकी त्याच वेळी शंका येते. बाजाराची आणि चित्रपटांची कल्पना अशी आहे की जुने म्हणजे चहाच्या रंगाचे. बनावट करणारा खऱ्या दप्तराची नक्कल करत नाही, या कल्पनेची नक्कल करतो.

रंगवण्याच्या रीती थोड्याच आहेत. चहाचे किंवा कॉफीचे पाणी, कात, तंबाखूचे पाणी, चुलीचा धूर, तव्यावर किंवा भट्टीत भाजणे, आणि विहिरीत टाकतात ते लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. पाण्यातून दिलेल्या रंगाची पहिली खूण म्हणजे तो कागदाच्या पोटापर्यंत जातो. काळाने आलेली काळिमा वरून येते. त्यामुळे खऱ्या कागदाची फाटकी कड भिंगाखाली पाहिली तर मधला थर पृष्ठभागापेक्षा उजळ दिसतो. चहात बुडवलेल्या कागदात तो तेवढाच तपकिरी असतो. घडीच्या आतली बाजूही बाहेरच्याइतकीच रंगलेली असते आणि खऱ्या घडीच्या बाबतीत ते क्वचितच होते.

दुसरी खूण घोटाईची. दगडाने घोटलेला कागद भिजला की तंतू उभे राहतात, चकाकी जाते आणि स्पर्शाला तो खरबरीत लागतो. पावसात भिजलेल्या खऱ्या कागदाचेही तसेच होते, पण तेवढ्याच भागात. ओलीचा खरा डाग एका पत्रापुरता थांबत नाही. रुमालातल्या वरच्या-खालच्या पत्रांवर त्याच जागी, त्याच आकाराचा, एकेका पत्रागणिक लहान होत जाणारा डाग असतो. एकाच पत्रावर ओलीच्या रेघा आहेत आणि शेजारची पत्रे कोरडी, असे दिसले तर ती रेघ कुठून आली हे विचारायला हवे. चहाच्या बाबतीत आणखी एक गंमतीशीर पण उपयोगी गोष्ट घडते. हातकागदात कुटताना आलेले लोखंडाचे कण अडकलेले असतात. चहातील टॅनिन त्यांच्याशी संयोग पावते आणि बारीक निळसर-काळे ठिपके उठतात. परमँगनेटचा तपकिरी रंग हा मँगनीजच्या ऑक्साइडचा असतो. क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या यंत्राखाली तिथे मँगनीज भरपूर दिसते आणि प्रश्न मिटतो. धुराचा थर वरवर बसतो, कोरड्या मऊ खोडरबराने निघतो आणि वास सोडतो. भाजलेला कागद सर्वत्र सारखाच ठिसूळ असतो. खरा कागद आधी घड्यांवर आणि कडांवर मोडतो, मध्ये बराच काळ लवचीक राहतो.

चहा सगळीकडे सारखाच वापरला जातो हे युरोपातील एका गाजलेल्या प्रकरणावरून दिसते. १९८३च्या एप्रिलमध्ये ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा मिळाल्याचे जाहीर केले आणि त्यासाठी नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजले होते. कोनराड कुयाउ या माणसाने वह्या विकत घेऊन त्यात लिहिले होते, पानांवर चहा ओतला होता आणि वह्या आपटून-धोपटून जुन्या केल्या होत्या. जर्मनीच्या केंद्रीय अभिलेखागाराने तपासणी केली तेव्हा अतिनील प्रकाशात कागद निळा-पांढरा चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते चमकद्रव्य कागदात १९५०च्या दशकात वापरात आले. हिटलर १९४५ मध्ये मेला. चहाने डोळ्यांना फसवले, पण चमकद्रव्य झाकले नाही. ६ मे १९८३ रोजी रोजनिशा बनावट असल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे दुकानात नोटा तपासायला ठेवतात तो निळसर दिवा याच तत्त्वावर चालतो आणि अंधारात मोडी पत्रावर धरला तर प्राथमिक तपासणीला पुरतो. खळ लावलेला जुना कागद मंद, पिवळसर दिसतो. मात्र मागून लावलेली ठिगळे, अलीकडचा डिंक किंवा कपडे धुण्याच्या पावडरचा अंश लागलेला रुमाल यांनीही जागोजाग चमक येते, म्हणून कागद स्वतः चमकतो की वरचे काही, हे वेगळे पाहावे लागते.

शाईकडे वळले की क्रमाचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. मराठी दप्तरे बहुतांशी काजळाच्या शाईने लिहिली गेली. दिव्याचे काजळ बाभळीच्या डिंकात घोटून ती करत आणि बोरूने लिहीत. काजळ म्हणजे कार्बन. तो उजेडाने उडत नाही आणि तपकिरी होत नाही. तीनशे वर्षांनंतरही अक्षर काळेच राहते. झालीच तर शाई घासून निघते, घडीवर खपली होऊन पडते किंवा पाण्याने पसरते. युरोपीय दस्तऐवजांतील लोह आणि मायफळाची शाई मात्र कालांतराने तपकिरी होते आणि चित्रांतून लोकांना तीच जुनी शाई म्हणून ठाऊक असते. त्यामुळे शाहूकालीन म्हणून दाखवलेल्या मोडी पत्रातील अक्षरे फिकट तपकिरी असतील, तर ते जुनेपण उसने आणलेले असण्याचा संभव मोठा. अवरक्त प्रकाशातील छायाचित्र हा संशय पक्का करते. काजळाची शाई त्यात काळीकुट्ट राहते, तर आजच्या अनेक रंगद्रव्यांच्या शाया त्यात जवळजवळ नाहीशा होतात.

काजळाची शाई पाण्याने पसरते, म्हणून बनावट करणाऱ्यापुढे पेच पडतो. आधी लिहून मग कागद चहात बुडवला तर अक्षरे फुटतात. आधी रंगवून मग लिहिले तर भिजल्याने खळ निघून गेलेली असते, कागद टीपकागदासारखा शाई शोषतो आणि अक्षरांना बारीक केस फुटतात. खळ शाबूत असलेल्या खऱ्या कागदावर बोरूची कड स्वच्छ असते. दोन्ही वाटांनी खूण राहतेच, फक्त ती वेगळी असते.

घडीवर हा क्रम साध्या दहापटीच्या भिंगाने दिसतो आणि कुठल्याही उपकरणाआधी हे पाहावे. पत्र लिहून झाल्यावर घडी पडली असेल तर घडीच्या रेषेवर शाई तुटलेली, खरवडलेली असते आणि तुटलेले तंतू आतून पांढरे दिसतात. घडी आधीची आणि लिखाण नंतरचे असेल तर शाई मोडलेल्या तंतूंत शिरते, घडीच्या रेषेने थोडी आडवी पसरते आणि मागच्या बाजूस झिरपलेली दिसते. जुन्या कोऱ्या कागदावर नवा मजकूर लिहिला गेल्याचे पुष्कळदा या एका रेषेवरून कळते.

आता किडीची भोके. बनावट करणाऱ्याचा यावर फार विश्वास असतो, कारण पाहणाऱ्याचाही असतो. पण कीड कागद कसा खाते हे पाहिले तर तिची नक्कल करणे किती अवघड आहे ते कळते. कसर वरचा थर चाटते. तिला खळ हवी असते, म्हणून कागद जागोजाग पातळ होतो आणि वेड्यावाकड्या कडांची खिंडारे पडतात. वाळवी मोठे लचके तोडते आणि मातीचा लेप मागे ठेवते. गोल भोके आणि बोगदे पाडते ती लहान भुंगेऱ्यांची अळी. अळी कागदाच्या गठ्ठ्यातून वाट कोरत जाते आणि ती वाट सरळ नसते. एका पत्रातून दुसऱ्या पत्रात जाताना भोक थोडे सरकते, कधी दोन पत्रांच्या मध्येच आडवी नाली काढून मग पुढच्या पत्रात उतरते. अळी वाढत असते, म्हणून वाटेच्या एका टोकाला भोक बारीक आणि दुसऱ्या टोकाला मोठे असते. भोकाची कड कुरतडलेली असते आणि आत विष्ठेचा व कागदाच्या भुश्याचा चिकट अंश असतो.

सुई, टोच्या किंवा बारीक ड्रिलने पाडलेल्या भोकाला यातले काही नसते. सुई आत जाताना कागद ढकलते, म्हणून मागच्या बाजूला ओठ उचललेला राहतो. बोट फिरवले तरी तो लागतो. तापवलेल्या सुईने कड करपते. एकाच हत्याराने पाडलेली भोके एकाच मापाची असतात. सगळी पत्रे एकत्र धरून टोचली असतील तर भोके काटेकोर एका रेषेत येतात. याहून मोठी खूण मनुष्यस्वभावाची आहे. किडीला मजकूर वाचता येत नाही. ती जमिनीच्या सीमेवरून, नावावरून, शिक्क्यावरून बेफिकीर जाते. बनावट करणारा भोक पाडताना ज्या ओळीवर त्याचा हक्क उभा आहे ती ओळ वाचवतो, आणि जिथे त्याला काही झाकायचे असते तिथे, म्हणजे वर्षाच्या आकड्यावर किंवा शिक्क्यातील एखाद्या अक्षरावर, भोक नेमके पडलेले असते. पत्रावरील भोकांचा नकाशा पारदर्शक कागदावर उतरवून मजकुरावर ठेवला की ही निवड डोळ्यांपुढे येते.

मोडी कागदांच्या बाबतीत भोकांचे एक गणितही आहे आणि ते फारसे कुणी वापरत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगितले पाहिजे. लांब सनदा व महजर तावाला ताव जोडून करत आणि गुंडाळून ठेवत. गुंडाळीला अळीने एका जागी भोक पाडले तर ते प्रत्येक वेढ्यातून जाते. उलगडल्यावर भोकांची एक माळ दिसते आणि दोन भोकांतील अंतर त्या वेढ्याच्या परिघाएवढे असते. सर्वांत आतल्या वेढ्याचा व्यास ३ सेंटिमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे ९.४ सेंटिमीटर. कागद ०.१५ मिलिमीटर जाड धरला तर प्रत्येक वेढ्यागणिक परीघ जवळजवळ १ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे आतल्या टोकाकडून बाहेर येताना अंतरे ९.४, ९.५, ९.६ सेंटिमीटर अशी हळूहळू वाढत जायला हवीत. गुंडाळी सैल असेल तर वाढ जास्त असते. आकडे अगदी नेमके येणार नाहीत, पण दिशा बदलता कामा नये. शिवाय भोकाचा आकार बाहेरच्या वेढ्यांकडून आत बदलत जातो आणि अळी थांबली तिथे माळ संपते. घडी करून ठेवलेल्या पत्रात याच नियमाने भोके घडीच्या दोन बाजूंना आरशातल्या प्रतिमेसारखी जोडीजोडीने येतात. उलगडलेल्या पत्रावर इकडे-तिकडे विखुरलेली आणि कुठल्याच घडीशी किंवा वेढ्याशी न जुळणारी भोके असतील, तर ते पत्र भोके पडताना गुंडाळलेलेही नव्हते आणि घडी केलेलेही नव्हते. उघडे पसरून कुणी मोडी पत्रे शतकभर ठेवत नसे.

शाई आणि भोक यांचाही क्रम पाहावा लागतो. आधी लिखाण आणि मग भोक असेल तर अक्षर भोकाने मध्येच तोडलेले दिसते आणि भोकाची कड कोरी असते. आधी भोक आणि मग लिखाण असेल तर शाई भोकाच्या कडेवरून आत उतरते, मागच्या बाजूस छोटे वर्तुळ उमटते, आणि पुष्कळदा लिहिणारा नकळत भोक टाळून अक्षर थोडे सरकवतो. खऱ्या किडक्या कोऱ्या कागदावर लिहिलेल्या बनावट पत्रात हे हमखास सापडते.

आम्लाचा वापर कागदावर कमी आणि धातूवर अधिक होतो. ताम्रपटाला हिरवी जंग चढवण्यासाठी नवसागर, सिरका, मीठ किंवा तीव्र आम्ल लावतात. तांबे जमिनीत शतकानुशतके राहते तेव्हा आधी त्यावर तांबूस ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि त्यावर हिरवी जंग हळूहळू जमते. लाकडी काडीने हिरवे थोडे सरकवले की खाली तांबूस थर दिसतो. आम्लाने आणलेले हिरवे थेट उघड्या तांब्यावर बसलेले असते. ते पावडरीसारखे असते, ओल्या कापसाला लागते, आणि पाण्याचे ओघळ जसे वाहिले तशा रेघा त्यात असतात. अक्षरांची खोबण पाहणे सर्वांत महत्त्वाचे. जुन्या पत्र्यावर नवी अक्षरे कोरली असतील तर छिन्नीने जंगेचा थर कापलेला दिसतो आणि खोबणीच्या तळाशी वेगळ्या रंगाची, वरून भरलेली जंग असते. पत्रा ठोकून केलेला आहे की गिरणीतून लाटून आलेला, हेही जाडी मोजली की कळते. ठोकलेल्या पत्र्याची जाडी जागोजाग बदलते.

कागदावर रसायन वापरल्याचे उत्तम अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. मार्क हॉफमन याने १९८०च्या दशकात मॉर्मन पंथाच्या इतिहासाची कितीतरी कागदपत्रे बनवली आणि ती तज्ज्ञांनी खरी मानली. त्याने जुन्या पुस्तकांतील कोरी पाने घेतली, लोह-मायफळाची शाई जुन्या कृतीने स्वतः तयार केली आणि रसायनाने तिचे ऑक्सिडीकरण घडवून ती तपकिरी केली. म्हणजे कागद खरा, शाईचे घटक खरे. १९८५च्या ऑक्टोबरमध्ये त्याने बाँबने दोन माणसे मारली आणि मग त्याच्या कागदांची नव्याने तपासणी झाली. जॉर्ज थ्रॉकमॉर्टन आणि विल्यम फ्लिन यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की शाईच्या पृष्ठभागावर मगरीच्या कातड्यासारख्या भेगा आहेत. त्याच काळातील खऱ्या कागदांवरच्या शाईत त्या नव्हत्या. त्यांनी तशीच शाई करून, डिंक घालून, रसायनाने झटपट जुनी करून पाहिली आणि तशाच भेगा मिळाल्या. काही पानांवर शाई एकाच दिशेने झिरपली होती, कारण ओले कागद टांगून वाळवले होते. हॉफमनने जानेवारी १९८७ मध्ये गुन्हा कबूल केला. तपासणाऱ्यांनी पुन्हा बनवून पाहिले म्हणून निष्कर्ष पक्का झाला, हे या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगे काम.

हे सगळे एका कागदावर लावून पाहू. समजा, एका घराण्याने मोडीतील इनामपत्र पुढे आणले आहे. काळ सुहूर सन इसन्ने सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३२, म्हणजे इसवी सन १७३१-३२, शाहू महाराजांची कारकीर्द. पत्र दोन ताव जोडून केलेले, गडद तपकिरी, गुंडाळलेले, भोके पडलेले. तपासणी अशी चालेल. प्रथम काही न उलगडता दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि गुंडाळीचा व्यास. मग उजेडावर धरून काड्यांच्या रेषा. त्या दिसल्या आणि लगदाही गाठाळ आहे, तर कागद हाताचा आहे. एवढ्यावरून तो १७३१चा ठरत नाही, कारण हातकागद कागजीपुऱ्यात आजही होतो. मग निळसर दिवा. समजा, कागद चमकला नाही. आता जोड. दोन ताव चिकटवलेल्या जागी मागून शिक्का किंवा खूण उठवण्याची रीत होती, म्हणजे मधला ताव कुणी बदलू नये. खूण असेल तर तिची दोन्ही अर्धी एकमेकांना बसतात का हे पाहावे. जोडाच्या आत दडलेली कागदाची पट्टी या सगळ्यात मोलाची. चिकटवल्या दिवसापासून तिला हवा आणि धूळ लागलेली नसते. खऱ्या पत्रात ती पट्टी बाहेरच्या भागापेक्षा उजळ असते. समजा, ती बाहेरइतकीच तपकिरी आहे. मग ताव आधी रंगवले आणि मागाहून जोडले, एवढे उघड होते, आणि जिथे रंग हा काळाचा म्हणून दाखवला जातो आहे तिथे हे एकच निरीक्षण पत्राला पुरेसे घातक आहे. तरीही थांबू नये. भोकांची अंतरे मोजावीत. समजा, ती ७, १२ आणि ५ सेंटिमीटर अशी काहीही आहेत आणि गुंडाळीचा परीघ ९ आहे. भोकांच्या मागे ओठ आहेत. अक्षरांना बारीक केस फुटले आहेत. आता निरनिराळ्या चार साक्षी एकाच बाजूला बोलतात. शेवटी मजकूर: मायना, शिक्क्याची घडण, मागे दप्तरातील नोंदीच्या खुणा आणि तिथे खरोखर अशी नोंद आहे का.

यातली प्रत्येक खूण एकटी असताना दुबळी असते हे लक्षात ठेवले पाहिजे. खरे पत्रही पुराच्या पाण्यात बुडते, चुलीवरच्या माळ्यावर धुरकटते, नंतरच्या माणसाकडून नव्या कागदाने सांधले जाते. खऱ्या सनदेची प्रामाणिक नक्कल शंभर वर्षांनी केलेली असते आणि नक्कल म्हणजे बनावट नव्हे. म्हणून एका खुणेवर कुणाला खोटे ठरवणे हाही अन्यायच आहे.

उलट बाजूची मर्यादा अधिक अवघड आहे. जुनेपण खरे असूनही मजकूर खोटा असू शकतो. येल विद्यापीठातील व्हिनलँडच्या नकाशाची किडीची भोके खरी होती, शेजारच्या हस्तलिखितांच्या भोकांशी जुळतही होती, कारण चर्मपत्र खरोखर पंधराव्या शतकातील होते. खोटी होती ती शाई. तिच्यात टायटॅनियमचे असे रंगद्रव्य निघाले जे विसाव्या शतकात, १९२०च्या दशकापासून बाजारात आले, आणि २०२१ मध्ये येलने नकाशा बनावट असल्याचे सांगितले. भारतात जे. एफ. फ्लीट यांनी बनावट ताम्रपटांची यादीच छापली होती. त्यातले कितीतरी पट मध्ययुगातच, जुन्या राजाच्या नावावर जमीन लाटण्यासाठी कोरलेले होते. त्यांच्यावरची जंग अस्सल आहे. ते खोटे ठरले ते लिपीवरून, तिथी-वारांच्या मेळावरून आणि वंशावळीतील चुकांवरून. तिथे भिंग आणि दिवा संपतात आणि अभ्यासकाचे वाचन सुरू होते.

म्हणून ज्यांच्या घरी जुने रुमाल आहेत त्यांना एक विनंती आहे. रुमाल सोडण्यापूर्वी छायाचित्र काढावे आणि कोणते पत्र कोणत्या पत्राशेजारी होते ते लिहून ठेवावे, कारण शेजारच्या पत्रावरील डाग आणि भोके हीच खऱ्या पत्राची साक्ष असते. पत्राला इस्त्री करू नये, पाण्याने पुसू नये, प्लास्टिकमध्ये दाबून बंद करू नये. त्यातली एकेक कृती वर सांगितलेली एकेक खूण पुसते. ताम्रपट लिंबाने किंवा चिंचेने घासू नये. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, राज्य अभिलेखागाराची छत्रपती संभाजीनगरची शाखा आणि निजामाच्या कागदांसाठी हैदराबादचे राज्य अभिलेखागार, या ठिकाणी पत्रातील नोंदीचा माग घेता येतो. पत्र विकण्याआधी किंवा न्यायालयात नेण्याआधी तो घ्यावा.